रजनीच्या पहिल्या शोला पिक्चर ऐकू का येत नाही, आणि सोमवारी काय कळतं

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ अरोरा नावाचं एक जुनं सिंगल स्क्रीन थिएटर आहे, मुंबईतल्या तमिळ पब्लिकचं हक्काचं. तिथे मी एकदा रजनीकांतच्या पिक्चरचा पहिल्या दिवसाचा पहिला शो बघितला, एका तमिळ मित्राच्या मागे लागून. बघितला म्हणजे तिथे होतो असं म्हणणं जास्त बरोबर. बाहेर ढोल, कटआउटला हार, वरून दूध ओतणं चालू, आत आलो तर पडद्यासमोरच्या जागेत पोरं नाचतायत, कागदाचे तुकडे उडतायत, आणि रजनीची एंट्री झाल्यावर पुढची चारपाच मिनिटं एकही डायलॉग ऐकू आला नाही. मी मित्राला विचारलं की अरे तो काय म्हणाला, तर तो म्हणाला मलाही नाही कळलं, उद्या परत येऊ तेव्हा ऐकू. त्याच्या डोक्यात गणित एकदम क्लिअर होतं, पहिला शो पिक्चर ऐकायला नसतोच, त्यासाठी दुसरा शो असतो.

त्या एका वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. कारण आपल्याकडे दुपारी बारा वाजेपर्यंत फोनवर व्हिडिओ येतात, थिएटर पेटलंय, ब्लॉकबस्टर आहे, आणि आपण त्याला प्रेक्षकांचं मत समजतो. ते मत नसतं. ते दुसरंच काहीतरी असतं आणि ते कसं तयार होतं, कोण करतं, त्याने पिक्चरचं भलं किती होतं आणि नुकसान किती, हे समजून घ्यायचं तर रजनीकांतपेक्षा चांगलं उदाहरण नाही. शिवाय माणूस जन्माने शिवाजीराव गायकवाड, बेंगळुरूतल्या मराठी घरातला, तिथल्या सिटी बसवर कंडक्टर होता आणि 1975 साली के. बालचंदर यांच्या पिक्चरमधून तमिळ पडद्यावर आला, त्यामुळे आपल्यालाही जरा जवळचा.

आधी फॅन क्लब म्हणजे काय ते. तमिळमध्ये त्याला रसिगर मंड्रम म्हणतात. रसिगर म्हणजे आपला रसिकच, आणि मंड्रम म्हणजे मंडळ. तर रसिक मंडळ. आपल्याकडे गल्लीत गणपती मंडळ असतं ना, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे ही: एका भागातली पोरं, त्यांचा अध्यक्ष, सेक्रेटरी, वर्गणी, बोर्ड, आणि वर्षातले ठरलेले कार्यक्रम. गल्लीतल्या मंडळाच्या वर जिल्ह्याचं, त्याच्या वर स्टारच्या जवळच्या माणसांनी चालवलेलं मुख्य ऑफिस. रजनीच्या वाढदिवसाला, म्हणजे 12 डिसेंबरला, रक्तदान, अन्नदान, शाळेतल्या पोरांना वह्या वाटणं. पिक्चर आला की बाकी सगळं बाजूला.

हे मंड्रम नुसत्या वेडातून आलेले नाहीत हे लक्षात घ्यायला पाहिजे. एम. जी. रामचंद्रन म्हणजे एमजीआर, त्यांचे फॅन क्लब 1950 च्या दशकापासूनच उभे राहायला लागले आणि एमजीआर द्रमुक पक्षात होते त्यामुळे क्लब आणि पक्ष एकमेकांत मिसळत गेले. 1972 मध्ये त्यांना पक्षातून काढलं तेव्हा त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि गावोगावी तयार असलेलं क्लबचं जाळं हीच त्या पक्षाची पायाभरणी झाली, 1977 ला ते मुख्यमंत्री. तेव्हापासून तमिळनाडूत मंड्रमचा मेंबर म्हणजे फक्त पिक्चर बघणारा नाही, तो उद्याचा कार्यकर्ताही असू शकतो, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही आणि स्टारलाही. सारा डिकी नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी मदुराईत राहून यावर काम केलं, त्यांनी दाखवलं की मंड्रममधली पोरं बहुतेक शहरी गरीब किंवा खालच्या मध्यमवर्गातली, आणि जवळजवळ सगळे पुरुष. ज्याला ऑफिसात, घरात, गल्लीत कुणी विचारत नाही त्याला पिक्चरच्या दिवशी थिएटरचा मॅनेजर नावाने ओळखतो. हे छोटं वाटतं पण त्या पोरासाठी छोटं नसतं, आणि फॅन लोकांना सरसकट वेडे म्हणणाऱ्यांवर मला यामुळेच राग येतो.

तर आता तो पहिला शो. तमिळनाडूत पहिल्या दिवसाच्या पहाटेच्या खेळाला रसिगर काच्ची म्हणायचे, म्हणजे फॅन लोकांचा खास खेळ. याची तिकिटं काउंटरवर किंवा ॲपवर सगळी यायचीच नाहीत, त्यातला मोठा गठ्ठा थिएटरवाला आधीच त्या भागातल्या मंड्रमला द्यायचा. तमिळनाडूत तिकिटाला सरकारी कमाल किंमत आहे, चेन्नईच्या मल्टिप्लेक्सलासुद्धा साधारण 190 रुपयांच्या वर छापील तिकीट जात नाही. पण पहाटेच्या खेळाचं तिकीट त्याच्या कितीतरी पट भावाने हातोहात विकलं जायचं हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, आणि कागदावर ते दिसायचं नाही. मंड्रमवाले म्हणतात की वरच्या पैशातून बॅनर, हार, फटाके, बँडबाजा निघतो. काही ठिकाणी निघतो, काही ठिकाणी कुणाच्या तरी खिशात जातो.

म्हणजे त्या हॉलमध्ये जे आठशे ते हजार लोक बसलेत ते निवडून आणलेले आहेत. पैसे जास्त दिलेले, महिनाभर बॅनरवर राबलेले, रात्रभर जागे असलेले, आणि शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या हिरोच्या मंड्रमला दाखवून द्यायचं असलेले. अशा माणसाला शो संपल्यावर कसा होता विचारलं तर तो काय सांगणार, स्वतःच्या घरच्या लग्नाचं जेवण कसं होतं असं विचारल्यासारखं आहे ते.

आणि पिक्चर बनवणारेही हे धरूनच पिक्चर बनवतात. रजनीच्या नावाची पाटी बघा, 1992 च्या ‘अन्नामलै’ पासून पडद्यावर ठिपक्या ठिपक्यांनी एकेक इंग्रजी अक्षर येतं, एस, यू, पी, ई, आर, मग स्टार, मागे संगीतकार देवा यांची ती धून, आणि पब्लिक प्रत्येक अक्षराला ओरडतं. ही पाटी म्हणजे आरतीच्या आधीची घंटा आहे. एंट्रीला आधी बूट, मग हात, मग पाठ, मग तोंड, आणि तोंड दिसल्यावर कॅमेरा काही सेकंद नुसता थांबतो, त्या वेळात कथेत काहीच घडत नाही. आपण घरी टीव्हीवर बघताना कंटाळतो की हे काय चाललंय. ती जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, शिट्ट्यांसाठी, तिथे महत्त्वाचा डायलॉग ठेवला तर तो वाया जाईल. मास पिक्चरमध्ये पंच डायलॉग दोनतीनदा परत येतो त्यामागेही हेच कारण मोठं आहे, पहिल्यांदा ऐकूच आलेला नसतो.

आता पैसा. पहिल्या दिवसाचा एवढा जोर का लागतो हे पैशाशिवाय कळत नाही. तमिळनाडूत मोठ्या स्टारच्या पिक्चरला तिकिटाच्या उत्पन्नातला पहिल्या आठवड्याचा 70 ते 80 टक्के वाटा डिस्ट्रिब्यूटरकडे जातो आणि उरलेला थिएटरवाल्याला, पुढच्या आठवड्यांत डिस्ट्रिब्यूटरचा वाटा उतरत जातो. म्हणजे निर्माता डिस्ट्रिब्यूटर बाजूला पहिल्याच आठवड्यात गर्दी पाहिजे, आणि थिएटरवाल्याला खरं तर पिक्चर चार आठवडे चालला पाहिजे, कारण तेव्हा त्याचा वाटा वाढतो आणि पॉपकॉर्न समोशाचे पैसे तर सगळे त्याचेच. फॅन क्लबची सगळी ताकद पहिल्या तीनचार दिवसांत खर्च होते, म्हणजे ती नेमकी निर्मात्याच्या कामाची.

दुसरी पद्धत एमजीची, मिनिमम गॅरंटी. समजा एका जिल्ह्याचे हक्क कुणी 1 कोटीला घेतले, तर ते 1 कोटी निर्मात्याला आधीच द्यायचे, पिक्चर पडला तरी परत नाही. आणि हा आकडा ठरतो कशावर, तर मागच्या पिक्चरचं ओपनिंग, फॅन लोकांचा गाजावाजा, ट्रेलरवरचा दंगा यावर. पिक्चर तर कुणी बघितलेलाच नसतो. म्हणजे गाजावाजा नुसता पब्लिसिटी नाही, त्याची किंमत लावून तो विकला जातो, आणि विकत घेणारा छोटा डिस्ट्रिब्यूटर असतो. 2002 साली ‘बाबा’ आला तेव्हा हेच झालं, अफाट भावाने हक्क गेले, पिक्चर चालला नाही, आणि रजनीने स्वतः डिस्ट्रिब्यूटर लोकांचं नुकसान भरून दिलं. डिसेंबर 2014 ला ‘लिंगा’ आला, दणक्यात ओपनिंग, मग धाडकन खाली, आणि जानेवारी 2015 मध्ये डिस्ट्रिब्यूटर चेन्नईत उपोषणाला बसले की आमचे पैसे परत द्या. ज्या फॅनच्या जोरावर त्यांनी हक्क घेतले होते तेच फॅन तेव्हा त्यांना शिव्या देत होते की तुम्ही आमच्या तलैवरला बदनाम करताय. तलैवर म्हणजे नेता, पुढारी, रजनीला तिथे याच नावाने हाक मारतात.

थिअरी, म्हणजे पिक्चरमध्ये काय असणार याचे फॅन लोकांनी बांधलेले अंदाज, ही यातली नवी गोष्ट. पूर्वी फॅन लोकांचं काम रिलीजच्या आठवड्यात चालू व्हायचं, आता टायटल टीझर आला की चालू होतं आणि दीड दीड वर्ष चालतं. याची गोडी देशभर लागली ती 2015 मध्ये, कटप्पाने बाहुबलीला का मारलं या प्रश्नाने, तो प्रश्न एप्रिल 2017 पर्यंत म्हणजे पावणेदोन वर्षं जिवंत राहिला आणि त्याने दुसऱ्या भागाला जी मदत केली ती कुठल्या होर्डिंगने झाली नसती. पण तिथे प्रश्न दिग्दर्शकाने स्वतः विचारला होता आणि उत्तर त्याच्याकडे होतं. अडचण तेव्हा होते जेव्हा प्रश्नही फॅन विचारतात, उत्तरही फॅनच तयार करतात, आणि मग पिक्चर त्या उत्तराशी ताडून बघतात.

‘कुली’ चं नेमकं हेच झालं, आणि ते जरा सविस्तर सांगतो.

दिग्दर्शक लोकेश कनगराज. त्याने ‘कैदी’, ‘विक्रम’ आणि ‘लिओ’ या पिक्चरची पात्रं एकमेकांत गुंफून एक जग तयार केलं, फॅन त्याला एलसीयू म्हणजे लोकेश सिनेमॅटिक युनिव्हर्स म्हणतात. त्यामुळे त्याचा पिक्चर म्हटलं की पब्लिक फ्रेम थांबवून थांबवून पुरावे शोधतं, हातावरचा टॅटू, भिंतीवरचा नंबर, कुठला विंचू कुठे दिसतो. एप्रिल 2024 मध्ये ‘कुली’ चा टायटल टीझर आला, त्यात सोन्याच्या घड्याळांचं स्मगलिंग दाखवलं होतं, रजनी त्या घड्याळांच्या साखळीने लोकांना मारतो. झालं, घड्याळ म्हणजे वेळ, म्हणजे टाइम ट्रॅव्हल. लोकेशने हा वेगळा, स्वतंत्र पिक्चर आहे असं आधीच सांगितलं होतं, पण फॅन लोकांना ते पटेना, तो लपवतोय असंच वाटत राहिलं. मग नागार्जुन व्हिलन, उपेंद्र, सौबिन शाहिर, आमिर खानची छोटी भूमिका, प्रत्येक नावाबरोबर एकेक नवीन थिअरी. वर तमिळमधला पहिला हजार कोटींचा पिक्चर हाच होणार ही चर्चा, आणि रजनीची पडद्यावरची पन्नास वर्षं. रिलीजच्या आधी लोकांच्या डोक्यात जो पिक्चर तयार झाला होता तो खऱ्या पिक्चरपेक्षा कितीतरी मोठा होता.

आणि थिअरी चुकली की होतं काय ते बघा. थिअरी करणारा माणूस पिक्चर बघताना कथा बघत नसतो, तो आपलं उत्तर बरोबर येतं का बघत असतो. मध्यंतरापर्यंत टाइम ट्रॅव्हल नाही, मध्यंतरानंतरही नाही, शेवटी आमिर खान येतो आणि काही मोठा धागा जोडत नाही, मग त्याला जे वाटतं ते निराशा नाही, फसवणूक वाटते. पिक्चरमध्ये खरे दोष होतेच, दुसरा अर्धा भाग सैल आहे, कारणं पटत नाहीत, पण मी वाचलेल्या कितीतरी नाराज प्रतिक्रियांमध्ये आधी पिक्चरमध्ये काय नव्हतं त्याची यादी होती, काय होतं त्याबद्दल नंतर. लोकेशने पुढे स्पष्टच सांगितलं की टाइम ट्रॅव्हल किंवा एलसीयू असल्याचं मी कधीच म्हटलं नव्हतं आणि लोकांच्या अपेक्षेप्रमाणे कथा लिहिता येत नाही. त्याचं बरोबर आहे. पण निर्मात्याच्या बाजूने या थिअऱ्या वेळेत थांबवायचा जोरदार प्रयत्न कुणी केला नाही हेही खरं, कारण त्यावर ॲडव्हान्स बुकिंग भरत होतं.

आता आकडे, आणि इथे दोनच पिक्चर शेजारी ठेवतो, ‘जेलर’ आणि ‘कुली’. दोन्ही रजनीचे, दोन्ही ऑगस्टमधले, दोन्ही एकाच निर्मिती कंपनीचे, दोन्ही गुरुवारी रिलीज. आकडे ट्रेड ट्रॅकर लोकांच्या अंदाजाचे, भारतातले, कर वजा करून, त्यामुळे एखाद दोन कोटी इकडे तिकडे धरा.

‘जेलर’ 10 ऑगस्ट 2023 ला आला. पहिल्या दिवशी सुमारे 48 कोटी, शुक्रवारी उतरून 26, मग शनिवारी 34, रविवारी 42. म्हणजे शुक्रवारच्या तळापासून परत वर चढला. सोमवारी साधारण 23 ते 24.

‘कुली’ 14 ऑगस्ट 2025 ला आला. पहिल्या दिवशी सुमारे 65 कोटी, मग 55, मग 40, मग 35, आणि सोमवारी 12.

आधी पहिला दिवस बघा, ‘कुली’ खूप पुढे. फॅन, थिअरी, ॲडव्हान्स बुकिंग, सगळ्याची ताकद इथे दिसते आणि ती खरी ताकद आहे, कुणी खोटी म्हणू नये. पण मग शनिवार रविवार बघा. ‘जेलर’ चा शुक्रवारपेक्षा शनिवार मोठा आणि शनिवारपेक्षा रविवार मोठा, म्हणजे पहिल्या दिवशी बघून आलेल्याने घरी जाऊन सांगितलं, आईला घेऊन जा, पोरांना घेऊन जा. ‘कुली’ रोज उतरत गेला, तेही 15 ऑगस्टची सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी जन्माष्टमी असताना. ज्यांना बघायचाच होता ते बघून संपले आणि त्यांच्या मागे नवीन माणूस आला नाही. सोमवार तर सगळं सांगतो: ‘जेलर’ चा सोमवार पहिल्या दिवसाच्या जवळजवळ निम्मा, ‘कुली’ चा पाचवा हिस्साही नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे धरायला हवी की ‘जेलर’ च्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑगस्ट होता, त्यामुळे रात्रीच्या खेळांना फायदा झाला असणार. पण एवढा फरक तेवढ्याने पडत नाही, आणि पुढचे आठवडे तेच सांगतात. शेवटी भारतात ‘जेलर’ सुमारे 348 कोटींवर थांबला, ‘कुली’ सुमारे 285 वर. ‘कुली’ ची जवळपास दोन तृतीयांश कमाई पहिल्या चार दिवसांतली, ‘जेलर’ ची त्या चार दिवसांतली निम्म्याहून कमी.

‘जेलर’ च्या वेळी मंड्रम कमी जोरात होते का, तर नाही, तेच मंड्रम, तीच पोरं. फरक अपेक्षेत होता. त्याच्या आधीचा रजनीचा ‘अन्नाथे’ लोकांना आवडला नव्हता, दिग्दर्शक नेल्सनच्या ‘बीस्ट’ ला लोकांनी धू धू धुतलं होतं, त्यामुळे रिलीजच्या आधी बरेच लोक म्हणत होते की बघू, चालला तर चालला. मोहनलाल आणि शिवराजकुमार येतात हे माहीत होतं पण त्यावर कुणी मोठा डोलारा रचला नव्हता, त्यामुळे ते पडद्यावर आले तेव्हा जे मिळालं ते वरचं मिळालं. मला तरी या दोन पिक्चरच्या दर्जात जेवढा फरक वाटतो त्यापेक्षा त्यांच्या नशिबातला फरक मोठा आहे, आणि मधली जी जागा उरते ती थिअरीची आहे असं माझं मत.

थिअरी पिक्चरला वाचवतेही कधी कधी. ‘लिओ’ आला तेव्हा त्यातला फ्लॅशबॅक लोकांना अगदीच लंगडा वाटला, मग फॅन लोकांनी म्हणायला सुरुवात केली की तो फ्लॅशबॅक खोटाच आहे, सांगणारं पात्र खोटं बोलतंय, आणि लोकेशनेही नंतर मुलाखतीत त्याला दुजोरा दिला की ती त्या पात्राची बाजू आहे. मग ज्यांनी एकदा बघितला होता ते परत बघायला गेले. पण असं तेव्हाच जमतं जेव्हा पिक्चरमध्येच तेवढी फट असते.

पहाटेच्या शोचं पुढे काय झालं ते सांगायला पाहिजे. जानेवारी 2023 मध्ये पोंगलला अजित आणि विजय या दोघांचे पिक्चर एकाच दिवशी आले, मध्यरात्रीनंतर 1 वाजता एकाचा आणि पहाटे 4 ला दुसऱ्याचा खेळ, आणि चेन्नईत एका थिएटरबाहेर चालत्या लॉरीवर चढून नाचणारा एकोणीस वर्षांचा मुलगा खाली उडी मारताना पडून गेला. त्यानंतर तमिळनाडूत पहाटेच्या खेळांची परवानगी बंद झाली, पहिला शो सकाळी 9 ला. अजितने तर 2011 मध्येच स्वतःचे सगळे फॅन क्लब बरखास्त केले होते, तरी गर्दी आणि भांडणं थांबली नाहीत, कारण क्लब गेला तरी पोरं तिथेच होती, फक्त आता त्यांना आवरणारा अध्यक्ष सेक्रेटरी कुणी नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग 4 डिसेंबर 2024 ला हैदराबादमध्ये ‘पुष्पा 2’ च्या आदल्या रात्रीच्या खेळाला चेंगराचेंगरी होऊन एक बाई गेल्या आणि त्यांचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ती गर्दी पिक्चरसाठी होतीच, पण हिरो स्वतः थिएटरवर आला आणि त्याला बघायला लोंढा फुटला. अशा ठिकाणी धोका हॉलच्या आत कमी आणि गेटवर जास्त असतो, आधीचा खेळ सुटायच्या आत नवीन लोक आत घुसतात, बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. कुणी लहान पोरांना घेऊन स्टारच्या पहिल्या शोला जाणार असेल तर कृपा करून जाऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारी जा.

9 वाजताच्या नियमाने आणखी एक गंमत झाली, म्हणजे फॅनसाठी ती गंमत नाही. केरळ कर्नाटकात तोच तमिळ पिक्चर 6 ला चालू होतो. चेन्नईचा फॅन 9 ला आत बसायच्या आत पालक्काड किंवा बेंगळुरूचा माणूस मध्यंतर संपवून फोनवर लिहितो की पहिला अर्धा बरा, दुसरा बघू. एंट्रीची क्लिपही फिरलेली असते. ही क्लिप काढणं गुन्हा आहे, 2023 ला कायदा बदलला तेव्हापासून थिएटरमध्ये पिक्चर रेकॉर्ड केला तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड होऊ शकतो, पण जल्लोषाच्या व्हिडिओमध्ये पडदा दिसतोच आणि ज्या कंपनीचा पिक्चर तिलाही तो जल्लोष फिरायला हवाच असतो, त्यामुळे सगळे गप्प. एकूण काय तर मंड्रमच्या हातात पूर्वी सकाळचे जे चार तास असायचे, ज्यात फक्त त्यांचा आवाज बाहेर यायचा, ते आता राहिले नाहीत.

म्हणूनच निर्माते रिव्ह्यूवर चिडायला लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘कंगुवा’ पडला, थिएटरच्या दारात माइक घेऊन पब्लिकला विचारणारे यूट्यूबवाले पहिल्या शोनंतर लगेच नकारात्मक प्रतिक्रिया टाकत होते, तर तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरवाल्यांना सांगितलं की यांना आवारात येऊ देऊ नका, आणि मद्रास हायकोर्टात मागणी गेली की रिलीजनंतर पहिले तीन दिवस ऑनलाइन रिव्ह्यूच नको. कोर्टाने तशी बंदी घालायला नकार दिला, बोलण्याचा हक्क आहे लोकांना. मला कोर्टाचं पटतं. ठरवून पिक्चर पाडणारे लोक असतात, विरोधी फॅन लोकांनी न बघता एक स्टार देणं रोज चालतं, पण मग न बघता दहापैकी दहा देणारेही तेवढेच असतात आणि त्यांच्याविरुद्ध कोर्टात कुणी जात नाही.

आपल्या मराठीत हा प्रकार का नाही असं कुणीतरी विचारेल. आपल्याकडे हिरोच्या नावाने गल्लोगल्ली मंडळं कधी झालीच नाहीत, ती जागा गणपतीने, गोविंदाने आणि पक्षांच्या शाखांनी आधीच भरलेली. 2016 ला ‘सैराट’ मध्ये लोक थिएटरात नाचले, पण त्यातली दोन्ही मुख्य पोरं नवीन होती, त्यांचा कुणी फॅनच नव्हता. तो नाच गाण्यासाठी होता आणि तिसऱ्या आठवड्यातही तसाच चालू होता, ओरडा ठरवून आणलेला आहे की आपोआप आलाय हे ओळखायची ही एक खूण आहे, पहिला आठवडा गेल्यावर तो उरतो का ते बघायचं.

मी स्वतः आता काय करतो सांगतो. पहिल्या दिवसाचे व्हिडिओ आनंदाने बघतो, कारण त्यातला आनंद खरा असतो. मत बनवायला रविवार रात्र आणि सोमवार संध्याकाळच्या खेळाचं बुकिंग ॲपवर उघडून बघतो, जवळच्या दोनतीन थिएटरमध्ये मधल्या रांगा भरल्यात का, आणि एकेकटी सीट भरलीय की चार चार शेजारी शेजारी. सलग चार पाच सीट भरलेल्या दिसल्या की घरचे लोक निघालेत असं समजायचं. पूर्ण रांगाच्या रांगा सकाळपासून भरलेल्या आणि आसपास सगळं रिकामं असं दिसलं तर ते कुणीतरी एकगठ्ठा घेतलेलं असू शकतं, त्यावर भरवसा ठेवत नाही.

आणि ‘बाबा’ चं पुढे काय झालं तेही सांगतो. वीस वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, रजनीच्या वाढदिवसाच्या तोंडावर तो पिक्चर नव्याने एडिट करून, छोटा करून परत थिएटरला लावला, रजनीने काही वाक्यं नव्याने डब करून दिली. कथा तीच, जी 2002 ला लोकांना आवडली नव्हती. पण हॉलमध्ये पोरं होती जी तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि त्यांच्या शेजारी पोट सुटलेले, केस पांढरे झालेले मंड्रमचे जुने लोक, आणि पडद्यावर रजनीने ती दोन बोटं वर करून ‘बाबा’ ची खूण केली तेव्हा दोघांचेही हात एकाच वेळी वर गेले. माझ्या त्या तमिळ मित्राने तो व्हिडिओ मला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, या वेळी डायलॉग ऐकू आले.